एक मवाळ, एक जहाल

समजा, एकाच रेणूत कीटोन आणि एस्टर असे दोन्ही गट आहेत. बर्फात ठेवलेल्या मिथेनॉलमध्ये सोडियम बोरोहायड्राइड घातले, की फक्त कीटोनचे अल्कोहोल होते. एस्टरमधला शेजारचा ऑक्सिजन कार्बोनिल कार्बनची इलेक्ट्रॉनांची भूक भागवतो, म्हणून हे मवाळ रसायन त्याच्या वाटेला सहसा जात नाही. अवरक्त वर्णपटात १७१५ जवळची रेघ पुसली जाते, १७३५ जवळची राहते.

लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड मात्र दोघांचीही अल्कोहोले करते. लिथियम कार्बोनिलला अधिक हावरा बनवतो आणि ॲल्युमिनियम आपला हायड्राइड सहज सोडतो. पण त्याला कोरडे ईथरच लागते. पाणी लागले, तर हायड्रोजन उसळून पेट घेतो. म्हणून उरलेले हायड्राइड थंड करून थेंबथेंब एथिल ॲसिटेटने शमवतात.