पायरी, चौकट, लिफ्ट
लेखमाला ‘भाड्याचे घर’ : भाग ७

व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्या माणसासाठी फ्लॅट शोधताना ‘लिफ्ट आहे का?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. एजंटचे ‘आहे ना’ हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून काहीच कळत नाही. लिफ्ट असते, पण तिच्याआधी तीन पायऱ्या असतात. पायऱ्या नसल्या तर लिफ्टच्या दारातून खुर्ची आत जात नाही. दोन्ही जमले तर बाथरूमची चौकट आडवी येते. फाटकापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेत सर्वांत अरुंद जागा असेल तीच निर्णायक ठरते. त्यामुळे घर पाहायला जाण्याआधी फोनवरच आकडे मागवावे लागतात.

त्याआधी स्वतःचे माप हवे. १८ इंची बैठकीची नेहमीची घडीची व्हीलचेअर चाकांसकट साधारण ६६ सेंटिमीटर रुंद असते आणि पावले ठेवायच्या पट्ट्यांसकट सुमारे १०७ सेंटिमीटर लांब भरते. कंपनीगणिक यात फरक पडतो, म्हणून टेप लावून आपल्याच खुर्चीचे माप घ्यावे. चालवणाऱ्याचे कोपर बाहेर येतात, तेही धरावेत.

विचारताना वाटेच्या क्रमाने जाण्यापेक्षा जे बदलता येत नाही ते आधी विचारावे. लिफ्टचा पिंजरा कोणताही भाडेकरू मोठा करून घेऊ शकत नाही, त्यामुळे पहिला प्रश्न लिफ्टचा. पिंजऱ्यातल्या पाटीवर माणसांची संख्या आणि वजन लिहिलेले असते, आणि एका माणसाचे वजन ६८ किलो धरण्याची रीत आहे. ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी असेल, तर भारतीय मानकानुसार पिंजरा ११० सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर खोल असतो, आणि दार ७० सेंटिमीटरचे. १०७ सेंटिमीटरची खुर्ची १०० सेंटिमीटर खोलीत मावत नाही. पायपट्ट्या काढता येत असतील तर ती कशीबशी बसते, आणि सोबतच्या माणसाला बाजूच्या ४४ सेंटिमीटरमध्ये अंग चोरून उभे राहावे लागते. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ या पाटीचा पिंजरा १३० रुंद आणि ११० खोल असतो, दार ८० चे. त्यात खुर्ची जेमतेम तीन सेंटिमीटर राखून आत जाते, पण शेजारी ६४ सेंटिमीटर जागा उरते आणि माणूस सरळ उभा राहतो. दोन्ही लिफ्टमध्ये खुर्ची वळत नाही. पुढे तोंड करून आत गेलेली खुर्ची बाहेर काढताना मागेच ओढावी लागते.

पाटीवरचा आकडा हा नुसता अंदाज असतो, कारण छोट्या इमारतींत लिफ्ट मिळेल त्या खड्ड्यात बसवलेली असते. जुन्या लिफ्टचा लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा पूर्ण उघडला, तरी घडी झालेल्या पट्ट्या एका बाजूला जागा अडवतात. शिवाय असे दोन दरवाजे हाताने ओढून लावल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, आणि खुर्चीत बसलेल्याला पाठीमागचा दरवाजा लावता येत नाही. एकट्याने ये-जा करायची असेल, तर अशी लिफ्ट नसल्यातच जमा. लाइट गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हेही विचारावे. काही लिफ्टला बॅटरीची सोय असते, पण ती आत अडकलेल्यांना जवळच्या मजल्यावर सोडण्यापुरती. खाली थांबलेल्या माणसाला ती वर नेत नाही.

दुसरा प्रश्न पायऱ्यांचा, आणि तो रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत विचारायचा. सांगलीच्या विश्रामबागेत खांबांवर उभ्या इमारती, खाली पार्किंग आणि एका कोपऱ्यात जिना व लिफ्ट अशी रचना नेहमीची आहे. पार्किंग सपाट असते, पण जिन्यापुढची फरशी दोन-तीन पायऱ्या उंच असू शकते. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट चढ. खुर्चीसाठी उताराचे मान एकास बारा, म्हणजे या चढाला १८ फूट लांब रॅम्प लागतो आणि वर टेकायला सपाट जागा. दिसायला मात्र मिळतो तो पायऱ्यांच्या कडेचा, दुचाकी चढवायचा पाच फुटी उतार. मालक त्यालाच ‘रॅम्प आहे’ म्हणतो. त्याचे मान जवळजवळ एकास सव्वातीन भरते. एवढ्या चढावर एकट्याने खुर्ची नेता येत नाही आणि उतरताना मागून धरणाऱ्याच्या हातातून ती सुटू शकते. वॉकर किंवा काठीवाल्यांना मात्र तीन पायऱ्या चालतात, फक्त कठडा हवा, आणि तो धरता येणाऱ्या हाताच्या बाजूला हवा.

तळमजल्याचा फ्लॅट घेतला की लिफ्टचा प्रश्न मिटतो, हे खरे. पण सांगलीत त्याला पुराची बाजू आहे. २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात घरांत शिरले. अशा सखल भागात चालता न येणाऱ्या माणसाला तळमजल्यावर ठेवणे धोक्याचे आहे. तळमजल्यालाही जोत्याच्या पायऱ्या असतात, त्या मोजायच्या राहून जातात.

तिसरा प्रश्न दारांचा. येथे बोलण्यातले माप फसवते. ‘अडीच फुटी दार’ म्हणजे बहुधा चौकटीची बाहेरची रुंदी, ७६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच इंच लाकूड वजा केले की ६४ उरतात. पल्ला काटकोनात उघडून उभा राहिला की त्याच्या जाडीने आणखी दोन-तीन सेंटिमीटर जातात. हाती येते ती ६१-६२ सेंटिमीटरची फट, आणि खुर्ची आहे ६६ ची. बाथरूमला असेच दार असते. बिजागऱ्या सोडवून पल्ला काढला आणि पडदा लावला, तरी ६४ च मिळतात. अशा घरात बाथरूमसाठी चाकांची अरुंद कमोड-खुर्ची वेगळी घ्यावी लागते. ती साधारण ५५ सेंटिमीटरची असते आणि या दारातून निघते, पण उंबरठा दोन इंचांचा असेल तर तीही अडते. पुढच्या दाराला सहसा अडचण येत नाही. तेथे फक्त जाळीचा सेफ्टी डोअर पूर्ण मागे जातो का, ते पाहावे.

म्हणून एजंटला पाठवायचा संदेश असा असावा : ‘साहेब, व्हीलचेअरसाठी घर बघतोय. लिफ्टच्या पाटीचा एक फोटो पाठवा. लिफ्टचं दार पूर्ण उघडून त्यात टेप धरलेला एक फोटो. पिंजऱ्याची आतली खोली किती ते कळवा. गेटपासून लिफ्टपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या दिसतील असा व्हिडिओ. आणि बाथरूमचं दार उघडं ठेवून, पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप लावलेला फोटो.’ टेप पल्ल्यापासून लावा, हे शब्द गाळले की चौकटीचे माप येते. जो एजंट ‘एकदा येऊन बघून घ्या’ एवढेच म्हणतो, त्याची घरे मागे ठेवावीत.

समजा, अशी तीन उत्तरे आली. पहिल्या घराला आठ माणसांची लिफ्ट, पायरी नाही, बाथरूमचे दार ६१ सेंटिमीटर. दुसऱ्याला सहा माणसांची लिफ्ट, दारे मात्र मोठी. तिसरे तळमजल्यावर, दोन पायऱ्या, बाथरूम ७० सेंटिमीटर. दारे मोठी म्हणून दुसरे मोहात पाडते, पण आधी गळते ते तेच. पहिल्याची उणीव कमोड-खुर्चीने भरते. तिसऱ्याला एक फूट चढासाठी १२ फुटी रॅम्प लागेल. तो सामायिक जागेत येत असेल तर सोसायटीची किंवा अपार्टमेंटची लेखी परवानगी लागते, केवळ मालकाची मान्यता पुरत नाही. ती मिळेपर्यंत तिसरे घर यादीत दुसरे.

कायद्याचा आधार येथे मर्यादित आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये, असे ठरवले. हा नियम नव्या बांधकामाला लागतो. त्याआधीच्या अपार्टमेंटची अरुंद लिफ्ट त्याने रुंद होत नाही. भाडेकरूच्या हातात असतो तो करार. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यातच एक कलम घालून घ्यावे : बाथरूमचा पल्ला काढणे, भिंतीला आधाराच्या दांड्या बसवणे आणि उंबरठ्यावर लाकडी उतार ठेवणे यांना मालकाची संमती आहे, आणि घर सोडताना भाडेकरू हे पूर्ववत करून देईल. कलम नसेल तर भिंतीला पाडलेल्या भोकांचे पैसे अनामत रकमेतून कापले जाऊ शकतात.