दुरुस्तीची वर्गणी आणि सभेचे इतिवृत्त

नागपूरहून हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही दशकांत अनेक फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. बारा-पंधरा सदनिकांची, तीन-चार मजल्यांची ही घरे. वैशाखातल्या उन्हाने गच्चीचा थर तडकतो आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वरच्या मजल्यावरील छताला ओल येते. मग रहिवाशांची सभा बोलावली जाते. गच्ची दुरुस्त करायला हवी, याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. वाद असतो तो खर्च कोणी किती द्यायचा यावर. तो तात्पुरता मिटतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, कारण सभेत नेमके काय ठरले ते कोणीच नीट लिहून ठेवलेले नसते.

सभेला बसण्यापूर्वीच एक गोष्ट तपासावी लागते. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेली आहे, की महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, 1970 खाली? नागपूर परिसरात दुसरा प्रकार बराच आढळतो. घर घेताना केलेल्या ‘अपार्टमेंट डीड’वरून तो ओळखता येतो. दोहोंचे नियम वेगळे आहेत. सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार मोठ्या दुरुस्तीचा निधी सर्वसाधारण सभा ठरवील त्या दराने, क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा होतो. अपार्टमेंट कायद्यात मात्र सामाईक खर्चाची वाटणी सभेच्या मर्जीवर सोडलेली नाही. घोषणापत्रात, म्हणजे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’मध्ये, प्रत्येक सदनिकेचा सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो आणि खर्चही त्याच टक्क्यांनी विभागला जातो. हे टक्के बदलायचे तर सर्व मालकांची संमती लागते. पुण्यातील ट्रेझर पार्क या संकुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हेच तत्त्व मान्य केले आणि मोठ्या सदनिकांच्या मालकांनी देखभालीपोटी अधिक रक्कम देणे योग्य ठरविले.

बारा सदनिकांचा हिशेब

नियम कागदावर सोपा वाटतो. सभेत तो कसा उतरतो हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. हिंगणा रस्त्यावर तळमजला अधिक तीन मजले अशी एक इमारत आहे, असे समजा. प्रत्येक मजल्यावर दोन लहान आणि एक मोठी अशा तीन, म्हणजे एकूण बारा सदनिका. लहान सदनिकेचा हिस्सा 7.5 टक्के आणि मोठीचा 10 टक्के. गच्चीचे जलरोधन व बाहेरील भिंतींची डागडुजी यांना 4 लाख 80 हजार रुपये लागणार आहेत. शिलकीत 80 हजार आहेत. म्हणजे 4 लाखांची वर्गणी काढावी लागेल.

समान वाटणी केली तर प्रत्येकाकडून सुमारे 33 हजार 333 रुपये येतील. टक्क्यांनी केली तर लहान सदनिकेला 30 हजार आणि मोठीला 40 हजार. इतिवृत्तात हे तिन्ही आकडे, म्हणजे एकूण खर्च, वापरलेली शिल्लक आणि उरलेली वर्गणी, एकाखाली एक यायला हवेत. त्यानंतर सदनिकानिहाय रकमेचा तक्ता जोडावा. ‘सर्वांनी आपापला हिस्सा द्यावा असे ठरले’ एवढेच वाक्य लिहिले तर वर्षभराने त्यातून काहीही अर्थ काढता येतो.

हरकत कशी नोंदवावी

आता सभेत हरकती येतात. तळमजल्यावरील सदनिकाधारक म्हणतात की गळती त्यांच्या घरात नाही. मग खर्च का द्यायचा? मोठ्या सदनिकेचे मालक म्हणतात की गच्ची सगळ्यांची आहे, तर वाटणीही समान हवी. तिसरे एक गृहस्थ विचारतात की कंत्राटदाराचे एकच दरपत्रक का मागविले? एक निवृत्त सभासद एकरकमी पैसे देणे जड जाईल, असे सांगतात.

या चारही हरकती इतिवृत्तात याव्यात आणि प्रत्येकीसोबत तिचे उत्तरही यावे. लिहिताना भांडणाचा सूर वगळावा, मुद्दा मात्र वगळू नये. ‘सदनिका क्र. 2 यांनी विनाकारण वाद घातला’ असे लिहिणे म्हणजे हरकत दडपून हरकतदाराला दुखावणे होय. त्याऐवजी असे लिहावे: ‘सदनिका क्र. 2 च्या मालकांनी, आपल्या सदनिकेत गळती नसल्याने वर्गणीतून सूट मिळावी, अशी विनंती केली. छत हा कायद्यानुसार सामाईक भाग असून, सामाईक भागाचा वापर करीत नाही या कारणाने मालकाला खर्चातून मुक्त होता येत नाही, असे अध्यक्षांनी स्पष्ट केले. मालकांनी आपली हरकत नोंदवून घेण्याची विनंती केली. ती येथे नोंदविली आहे.’ यात कोणाचाही अपमान नाही, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच तर दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यात जसेच्या तसे सापडते.

समान वाटणीच्या सूचनेचे उत्तर घोषणापत्रात आहे. तेथील टक्के वाचून दाखवावेत आणि तसे लिहावे. उरलेल्या दोन हरकती मात्र वेगळ्या आहेत. त्यांनी ठरावच सुधारला जाऊ शकतो.

हात किती, मते किती

सर्वाधिक चुका होतात त्या मतमोजणीत. उदाहरणातील सभेला नऊ सदनिकांचे मालक हजर आहेत, असे धरू: सहा लहान, तीन मोठ्या. पाच लहान आणि एका मोठ्या सदनिकेच्या मालकांनी हात वर केले. नऊपैकी सहा म्हणजे स्पष्ट बहुमत, असे सचिव आनंदाने लिहितील. पण अपार्टमेंट कायद्यात बहुमत डोक्यांवर मोजत नाहीत; घोषणापत्रात मतदानासाठी दिलेल्या टक्क्यांनुसार 51 टक्के किंवा अधिक मते लागतात. मतदानाचे टक्केही हिश्श्याइतकेच आहेत असे मानले, तर पाच लहान सदनिकांचे 37.5 आणि मोठीचे 10 मिळून भरतात 47.5. ठराव संमत झालेला नाही.

येथेच हरकतींचे मोल कळते. पुन्हा चर्चा होते. आणखी दोन दरपत्रके मागवावीत, वर्गणी चार हप्त्यांत घ्यावी आणि कंत्राटदाराचे 10 टक्के बिल एक पावसाळा गच्ची कोरडी राहिल्यावरच द्यावे, अशा तीन दुरुस्त्या ठरावात येतात. दरपत्रकाची शंका काढणारे गृहस्थ दुसऱ्या मोठ्या सदनिकेचे मालक होते. ते आता अनुकूल होतात. मते 57.5 टक्क्यांवर जातात आणि ठराव संमत होतो. इतिवृत्तात दोन्ही मतमोजण्या लिहाव्यात. पहिली लपविली तर ठराव का बदलला हे नंतर कळत नाही.

अखेरीस सूचक व अनुमोदकांची नावे, विरोधात व तटस्थ राहिलेल्या सदनिकांचे क्रमांक, हप्त्यांच्या तारखा आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. सभेला न आलेल्या तिघा मालकांनाही मसुदा पाठवून त्यांचे म्हणणे मागवावे. घर भाड्याने देऊन परगावी राहणाऱ्या मालकाकडे वर्गणी थकते ती बहुधा त्याला काहीच न कळविल्यामुळे. थकलेली रक्कम कायद्याने त्या सदनिकेवरील बोजा ठरते. पण तो सिद्ध करण्यासाठी पहिला कागद पुढे येतो, तो हे इतिवृत्तच.