गच्चीवरील टोमॅटो-मिरचीची फूलगळ

सांताक्रूझसारख्या उपनगरात गच्चीवर पिशव्यांतून टोमॅटो-मिरची लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. झाड हिरवेगार आहे, फुलेही भरपूर येतात. पण देठाच्या सांध्याशी पिवळी पडून ती गळतात. मग मंडळी आणखी खत घालतात. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि फूलगळ वाढते! खरे कारण पुष्कळदा रात्रीच्या उष्म्यात असते.

टोमॅटोचे फूल नीट पाहा. पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची नळी बनते व स्त्रीकेसर त्या नळीच्या आत असतो. फूल हलले की पराग आतल्या आत झडतो आणि फळ धरते. शेतात हे काम वारा आणि भुंगे करतात. गच्चीच्या कठड्याआड दोन्ही कमी. शिवाय दमट हवेत पराग चिकट होतो. आणि रात्री फार उष्ण असल्या, तर पराग कळीतच निकामी होतो.

यांतले कारण कोणते, हे शाळेच्या काळ्या पाटीवर कळते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, हवा जराशी कोरडी झाल्यावर, उमललेल्या फुलाखाली पाटी धरा व फुलाच्या देठावर टिचकी मारा. पिवळी भुकटी पडली तर पराग ठीक आहे. रोज या वेळी झुपका हलवीत जा. चार-पाच दिवस पाहूनही भुकटी पडली नाही, तर दोष बहुधा ऋतूचा समजावा. तेथे टिचकीचा उपयोग नाही. शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून अवश्य करवून घ्यावा.

आता ऋतूचा हिशेब पाहू. सांताक्रूझला जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास उतरते, मे महिन्यात ते २७ च्या घरात असते. टोमॅटोला १५ ते २१ अंशांची रात्र मानवते. फेब्रुवारीत बी टाकले तर फुले एप्रिलमध्ये येतात आणि गळतात. तेच बी २० सप्टेंबरच्या सुमारास टाका. महिन्याभराने रोप पिशवीत लावा. नोव्हेंबरअखेर फुले येतील, ती नेमकी थंडीच्या तोंडावर.

पिशवी टोमॅटोला १५ इंच रुंद व तितकीच खोल, मिरचीला १२ इंच असावी. एका पिशवीत एकच रोप. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा घ्या.

मिरची उष्मा थोडा अधिक सोसते. पण पाण्याच्या ओढीने तिची फुले चटकन गळतात. तापलेल्या गच्चीवर पिशवी एका दिवसात सुकते. म्हणून पिशवी विटांवर ठेवा, मातीवर पाला पसरा. बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी द्या, पण मग तळातून पाझरेपर्यंत द्या. एक दिवस कोरडे, एक दिवस चिखल, असे मात्र होऊ देऊ नका. पाने आकसून वळली असतील, तर पाण्याआधी पानाची खालची बाजू पाहा. तेथे फुलकिडे किंवा कोळी सापडतील.