कमी पळालेली गाडी

माझ्या जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी जुनी डिझेल गाडी घेतली ती एकाच वाक्यावर, "वहिनी, एकाच मालकाची आहे आणि फक्त 42 हजार पळालीय!" चार महिन्यांत खंबाटकी घाटाच्या अलीकडे ती चालता चालता बंद पडली. ना धूर, ना आवाज. गॅरेजवाले म्हणाले, "टायमिंग बेल्ट तुटलाय, व्हॉल्व्ह वाकलेत." बिल झालं 60 हजारांच्या वर.

हा बेल्ट म्हणजे काय, हे मला तेव्हा शिलाई मशीनवरून समजलं. मशीनची सुई खाली येते आणि त्याच क्षणी शटल दोरा उचलतं. दोघांचा मेळ चुकला, तर सुई शटलवर आपटून मोडते. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि वरचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. त्यांचा मेळ राखतो तो टायमिंग बेल्ट, नाहीतर साखळी. बऱ्याच इंजिनांत, डिझेलच्या तर हमखास, मेळ सुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो.

बेल्ट असतो रबराचा. तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. यातलं जे आधी येईल ते धरायचं. जाऊबाई फसल्या त्या इथेच. गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतंच. आठ वर्षांची, कमी पळालेली गाडी म्हणजे बहुतेक वेळा मूळचाच बेल्ट असलेली गाडी. आणि तो तुटण्याआधी सहसा काही सांगत नाही.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाला फराळाच्या ऑर्डरी पोचवायला गाडी हवी होती. पैसे सगळ्याजणींचे, त्यामुळे माझी झोपच उडाली होती. दोन गाड्या नजरेत भरल्या. एक 2015 ची रेनो डस्टर डिझेल, 58 हजार पळालेली. दुसरी त्याच वर्षाची मारुती स्विफ्ट डिझेल, 96 हजार पळालेली. (दोन्हींची डिझेल मॉडेलं 2020 मध्ये बंद झाली, पण जुन्या बाजारात अजून दिसतात.) डस्टरच्या त्या इंजिनात बेल्ट, स्विफ्टच्या डिझेल इंजिनात साखळी. गटातल्या एकीच्या भावाचं मत ठाम होतं, "ताई, साखळीवाली घ्या. साखळीला आयुष्यभर बघायला नको."

आमचे ओळखीचे मेकॅनिक काका मात्र हसले. "साखळी इंजिनाच्या ऑइलमध्येच फिरते, ताई. तिला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं तर ती खरंच टिकते. नाही बदललं, तर झिजून लांबते आणि मग दात सोडते."

काकांनी स्विफ्टच्या मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. सकाळी आधी बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली. (गरम असेल तर समजायचं, काहीतरी लपवायचंय!) मग स्टार्टर मारला. पुढच्या बाजूने डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला. एखाद-दोन सेकंदांत थांबला असता तर काकांनी सोडून दिलं असतं, पण तो चांगला दहा-बारा सेकंद राहिला. सर्व्हिसची बिलं मागितली, तर 60 हजारांनंतरचं एकही नव्हतं. म्हणजे पुढे ऑइल कधी बदललं, याचा पत्ताच नाही. साखळी बदलायची तर इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते. काकांचा अंदाज 30 हजारांचा होता, तोही आत आणखी काही निघालं नाही तर.

डस्टरची ऑइलची बिलं व्यवस्थित होती, पण बेल्ट बदलल्याचं बिल नव्हतं. मालक म्हणाले, "बदललाय, बिल सापडत नाही." काका म्हणाले, "बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं." बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून त्यांनी 18 हजार सांगितले. पंप कशाला, असं मी विचारलंच. त्या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. वर्षभराने तो गळायला लागला, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

आम्ही डस्टर घेतली. तो खर्च ठरलेला होता, स्विफ्टचा किती होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मालकांकडून 15 हजार कमी करून घेतले, ते मात्र मी अडून बसले म्हणून! गाडी ताब्यात आली ती थेट काकांच्या गॅरेजात गेली. जुना बेल्ट त्यांनी माझ्या हातात उलटा वाकवून दाखवला, दातांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. बिल आता गटाच्या फाईलमध्ये आहे आणि बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर तारीख आणि किलोमीटर माझ्याच अक्षरात लिहिलेत.