चाळीस क्रेडिट आणि जानेवारीचा एक पगार

भाची अमेरिकेतून कायमची परत यायला निघाली तेव्हा तिने मला एक कागद पाठवला आणि फोन केला. "मामा, यात लिहिलंय की सदुसष्टाव्या वर्षी मला महिन्याला ३,४५० डॉलर मिळतील. मग इथे भरलेले पैसे बुडत नाहीत ना?" तो तिचा सोशल सिक्युरिटी स्टेटमेंट होता. त्या आकड्याखालची बारीक ओळ तिने वाचली नव्हती. हा अंदाज ती निवृत्तीपर्यंत अमेरिकेतच, आजच्याच पगारावर काम करत राहील असं धरून काढलेला होता. परतणाऱ्या माणसाने या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आधी बघायची ती क्रेडिट. पेन्शनचा हक्क मिळायला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे इथली प्रॉव्हिडंट फंडाची वर्षं तिकडच्या क्रेडिटमध्ये मिळवता येत नाहीत. जर्मनीशी भारताचा असा करार २०१७ पासून लागू आहे, तिथून परतणाऱ्यांचा हिशोब वेगळा. अमेरिकेत ३९ क्रेडिटवर निवृत्तीची पेन्शन नाही, आणि पगारातून कापलेले ६.२ टक्केही परत मिळत नाहीत.

मग आम्ही कमाईचा तक्ता वाचायला घेतला. भाची २०१३ मध्ये शिकायला गेली, पण तिच्या तक्त्यात २०१५ पर्यंत शून्यच होतं. त्यातलं एक वर्ष तर तिने नोकरीही केली होती. ही चूक नव्हे. विद्यार्थी व्हिसावर असताना, शिक्षणानंतरच्या प्रशिक्षणाच्या नोकरीतसुद्धा, पहिली पाच कॅलेंडर वर्षं ही कपात सहसा होत नाही. तिची कपात सुरू झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, एच-वन-बी मिळाल्यावर. त्या वर्षी तिने तीनच महिने कर भरला, तरी तिला चारही क्रेडिट मिळाली होती.

याचं कारण असं की क्रेडिट महिने मोजून मिळत नाहीत, वर्षाच्या कमाईवर मिळतात. २०२५ मध्ये १,८१० डॉलरला एक क्रेडिट होतं, म्हणजे ७,२४० डॉलर कमावले की त्या वर्षाची चारही पदरात. २०१६ ते २०२४ या नऊ वर्षांची तिची ३६ क्रेडिट झाली होती, आणि विमानाचं तिकीट होतं डिसेंबर २०२४ चं! तिचा महिन्याचा पगार दहा हजार डॉलर. जानेवारीचा एक पगार हातात पडला असता तर ४० पूर्ण होणार होती. मी तिला तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. जानेवारी संपल्यावर ती निघाली.

आता तिला खरंच किती मिळेल? ३५ वर्षांची कमाई ४२० महिन्यांवर पसरून सरासरी काढतात आणि न कमावलेली वर्षं शून्य धरतात. महागाईप्रमाणे वाढवून तिची एकूण कमाई नऊ लाख डॉलर धरली, तर सरासरी येते महिना २,१४२. २०२५ च्या दराने यातल्या पहिल्या १,२२६ डॉलरचे ९० टक्के आणि उरलेल्या ९१६ चे ३२ टक्के मिळतात. बेरीज साधारण १,३९६ डॉलर. कमी कमाईला झुकतं माप देणारं हे सूत्र आहे, म्हणून दहा वर्षांच्या नोकरीवरही एवढी रक्कम उभी राहते. भारतीय नागरिक भारतात राहून ही पेन्शन घेऊ शकतो, पण अनिवासी परदेशी म्हणून साडेपंचवीस टक्के कर तिथेच कापला जातो. हातात उरतात १,०४० डॉलर. पासष्टीनंतरचा मेडिकेअर हा आरोग्यविमा मात्र भारतातल्या उपचारांना उपयोगी पडत नाही.

तक्त्यात खरी चूकही असू शकते. नोकरी केली, कपात झाली आणि तरी त्या वर्षापुढे शून्य दिसतंय, तर कंपनीने चुकीच्या नंबरावर किंवा चुकीच्या नावाने कमाई कळवलेली असते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे जरूर तपासावं. पुरावा म्हणून त्या वर्षाचा डब्ल्यू-टू फॉर्म लागतो. दुरुस्तीची साधारण मुदत, कमाईचं वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने आणि १५ दिवस. सगळ्यात अलीकडच्या वर्षाची नोंद उशिरा चढते, तिची एवढी काळजी नको.

परतायचं ठरलं असेल तर राजीनामा देण्याआधी ssa.gov वर जाऊन स्टेटमेंट उतरवून घ्या आणि सगळ्या वर्षांचे डब्ल्यू-टू सामानात बांधा. अमेरिकेतला फोन नंबर बंद झाला की त्या खात्यात शिरणंही अवघड होऊन बसतं.