डोहाळ्यांचे गाणे रचताना

बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून स्थिरावलेल्या मराठी घरांतून आजही सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते. झोपाळा फुलांनी सजतो, ओटी भरली जाते आणि कुणीतरी म्हणते, ‘गाणे आपणच रचू.’

सोपा साचा अभंगाचा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. अक्षरे बोटांवर मोजावीत. जोडाक्षर एकच धरावे. उदाहरणार्थ, शहरातल्या सुरसागर तलावावरून सुरुवात केली तर असे जमते:

सुरसागरात । चांदणे उतरे ।
आई झोका धरे । लेकीसाठी ॥

खरी अडचण पुढच्या कडव्यात येते. आशीर्वाद म्हणून सहज लिहिले जाते, ‘सुखरूप सुटका होवो’, ‘दृष्ट न लागो’. हेतू प्रेमाचाच; पण ‘सुटका’ म्हटले की संकट आधी डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ऐकणारी तर झोपाळ्यावर बसलेली असते! ‘पुत्र होवो’ हेही तिच्यावर ओझेच. म्हणून जे टळावे ते न मागता, जे आहे ते दाखवावे:

मोगरा वेणीत । ओटीत नारळ ।
येई तुझे बाळ । आपुल्यांत ॥

‘आपुल्यांत’ या शब्दात सारे गोत आले, मुलगा-मुलगी हा प्रश्नच उरला नाही. गुजराती सासर असेल तर शेवटचा चरण सर्वांनी दोनदा म्हणावा. चार अक्षरे कुणालाही साधतात. कडवी चार-पाच पुरेत, कारण तिला फार वेळ ताटकळत बसवायचे नसते, आणि पाने वाढलेली असतात.