लेखांक ९ : भर दुपारचा अर्धा चंद्र

माइकवरचा लेख पुढच्या रविवारी. मध्येच एका विज्ञानशिक्षिकेचा व्हिडिओ आला, सोबत त्याचा आलेख आणि प्रश्न : ‘चित्रं स्वच्छ, भाषा सोपी, तरी मुलं टिकत का नाहीत?’

शीर्षक होतं ‘चंद्राच्या कला | विज्ञान | संपूर्ण स्पष्टीकरण’. थंबनेलवर आठ चंद्र आणि त्याखाली बारीक अक्षरांत चार ओळी. व्हिडिओ सुरू झाला की आधी बोधचिन्ह गरगर फिरतं, मग नमस्कार, मग आज काय काय शिकणार याची यादी. यूट्यूब स्टुडिओतला आलेख बोधचिन्ह फिरतानाच कोसळतो आणि यादी संपेपर्यंत घसरतच राहतो. सुरुवातीची थोडी घसरण प्रत्येकाचीच होते, चुकून आलेले लोक निघून जातात. बघायचं ते हे, की उतार सपाट कुठे होतो. इथे तो मुळी चंद्र दिसल्यावरच सपाट झालाय.

बोधचिन्ह काढा, हे सांगायला लेख नको. मला त्यांच्या ‘सोपी’ या शब्दाने अडवलं.

‘व्हेरिटासियम’ वाहिनीचा डेरेक म्युलर याने सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली, ती भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच. त्याने काही विद्यार्थ्यांना सरळ, नेटकं स्पष्टीकरण दाखवलं. ‘छान समजलं’ म्हणाले, पण नंतरच्या चाचणीत गुण जेमतेम हलले. दुसऱ्या व्हिडिओत लोकांची नेहमीची चुकीची समजूत आधी बोलून दाखवली आणि मग ती खोडली. तो व्हिडिओ बघणाऱ्यांना गोंधळायला झालं, पण त्यांचे गुण चांगलेच वाढले. कारण सरळ आहे : मुलाला वाटतं हे मला येतंच, आणि मग त्याचं लक्ष राहत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की शैक्षणिक व्हिडिओची पहिली तीस सेकंदं त्या चुकीच्या समजुतीला द्यावीत. शीर्षक आणि थंबनेलही तिच्यावरूनच ठरवावं, आणि तेही पटकथा लिहायच्या आधी.

चंद्राच्या बाबतीत ती समजूत कुठली, हे कुठल्याही वर्गात विचारा : पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. आता तिला डोळ्यांदेखत अडचणीत आणणारं दृश्य शोधायचं. शुक्ल अष्टमीच्या सुमाराला चंद्र दुपारी बाराच्या आसपास उगवतो. चारला गच्चीवर गेलं तर सूर्य आणि अर्धा चंद्र दोघेही आकाशात सापडतात. बाईंना मी सुरुवात अशी लिहून पाठवली :

‘दुपारचे चार वाजलेत. सूर्य तिकडे, आणि हा इकडे अर्धा चंद्र. उरलेला अर्धा का दिसत नाही? पृथ्वीची सावली पडते म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. सूर्य वर आहे, म्हणजे पृथ्वीची सावली आत्ता क्षितिजाच्या खाली आहे. आणि चंद्र तर वर आहे! मग अर्धा झाकला कोणी? एक चेंडू आणि एक दिवा घेऊन बघू.’

पन्नास-साठ शब्द, घाई न करता तीस सेकंदांत बसतात. नमस्कार कुठे गेला, असं बाईंनी विचारलंच. तो चेंडू हातात घेताना म्हणा.

थंबनेलवर हेच आकाश : फिका निळा रंग, झूम करून घेतलेला मोठा अर्धा चंद्र, खाली गच्चीचा कठडा. कठडा हवाच, नाहीतर दिवस कळत नाही. मजकूर फक्त ‘दुपारी ४’, कारण मोबाइलवर थंबनेल बोटभर होतं आणि वेलांट्या, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. उजवा खालचा कोपरा रिकामा, तिथे व्हिडिओची लांबी येऊन बसते. शीर्षक : ‘पृथ्वीची सावली पडत नाही, मग चंद्र अर्धा का? | चंद्राच्या कला’. थंबनेलवरचे शब्द शीर्षकात पुन्हा नकोत. आणि क्लिक केल्यावर पहिल्या चौकटीत तेच आकाश दिसलंच पाहिजे.

नंतर दोन आकडे शेजारी ठेवून बघा : थंबनेल दिसलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं, आणि तिसाव्या सेकंदाला किती जण उरले. पहिला वाढला आणि दुसरा पडला, तर शीर्षकाने जे कबूल केलं ते सुरुवातीने दिलं नाही. दोन्ही कमी असतील तर आधी थंबनेल बदला. पन्नास-साठ लोकांनीच बघितलं असेल तर मात्र काहीच ठरवू नका, चार मित्रांनी शेवटपर्यंत पाहिलं तरी आलेख हलतो.

हा उपाय परीक्षेच्या आठवड्यात फारसा चालत नाही. तेव्हा मुलं धड्याचं नाव टाइप करून येतात आणि त्यांना आकृतीच हवी असते. बाईंच्या वाहिनीवर मार्चमध्ये बहुतेक प्रेक्षक शोधातूनच येतात, म्हणून त्यांचा जुना व्हिडिओ मी काढायला लावला नाही. फक्त बोधचिन्ह आणि यादी कापून आठ चंद्रांची आकृती पहिल्या सेकंदाला आणायला सांगितली.